सीव्हीचा फोटो काढून जर्मन भाषांतर: काही महिने वापरल्यावर

धरमपेठेत मी जर्मन शिकवते. वर्गात बऱ्याच जणी जर्मनीत नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्स आहेत आणि बी-१ची परीक्षा जवळ आली की प्रत्येकीला जर्मन सीव्ही हवा असतो. "मॅडम, फोटो काढला की फोनवरच होऊन जाते ना?" हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीही ते फोटोवरून भाषांतर करणारं अ‍ॅप रोज वापरायला लागले. पाचपैकी तीन तारे देईन. तिन्ही फोटोतला मजकूर वाचण्यासाठी, भाषांतरासाठी जवळजवळ काहीच नाही.

वाचन खरंच चांगलं आहे. फोटो उजेडात, वरून सरळ काढलेला असला तर छापील मजकूर सहसा चुकत नाही. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चमक पडली की मात्र अक्षरं खातं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून मी मुलींना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायला सांगते. शिक्षणाचा तक्ता असेल तर जास्त जपायला लागतं. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसतं, पण मजकूर कॉपी केला की रकाने एकमेकांत मिसळतात आणि बारावीचं वर्ष नर्सिंगपुढे जाऊन बसतं. तक्त्यातली वर्षं मी मूळ गुणपत्रिकेवरूनच टाकते.

खरी गडबड पदव्या आणि हुद्द्यांची. एका मुलीच्या सीव्हीत तीन गोष्टी होत्या: जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स, नंतर वॉर्ड इन्चार्ज. अ‍ॅपने तिन्हींना जर्मन शब्द दिले आणि वाक्यं वाचायला झकास होती.

'कॅज्युअल्टी'चं झालं 'ओप्फर', म्हणजे अपघातात सापडलेला माणूस. आपल्या दवाखान्यात कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग, त्याला जर्मनीत 'नोटआउफनामे' म्हणतात. ही चूक पाहताक्षणी हसू येतं, त्यामुळे ती पकडलीही जाते.

जीएनएममधल्या 'मिडवायफरी'ला मात्र त्याने 'हेबामे' लावलं आणि तिथे हसू येत नाही. हेबामे हा जर्मनीत वेगळा पेशा आहे, ते नाव कायद्याने राखीव आहे आणि २०२० पासून त्याचं शिक्षण विद्यापीठात पदवीला होतं. आपला जीएनएम बारावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यात प्रसूतीचा भाग असतो आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीतही मिडवाइफ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मुलगी खोटं बोलत नाही, पण जर्मन वाचणाऱ्याला वाटेल की ही दुसऱ्याच पेशाचा दावा करतेय. 'डिप्लोमा'चं 'डिप्लोम' होणं त्याच जातीचं. तिकडे डिप्लोम ही विद्यापीठाची जुनी, चांगली चार-पाच वर्षांची पदवी होती.

'वॉर्ड इन्चार्ज'ला वॉर्डप्रमुखाचा हुद्दा मिळाला. तिकडे त्या पदावरची व्यक्ती पूर्ण वॉर्डची माणसं आणि ड्युट्या सांभाळते आणि त्यासाठी सहसा वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. आमच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "ताई, रात्री सिनियर मीच राहायची, म्हणून इन्चार्ज." मग मी तिथे शिफ्टची जबाबदारी एवढंच लिहिलं. हा प्रश्न कोणतंही अ‍ॅप तिला विचारणार नव्हतं.

आता मी पदवीचं मूळ नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच ठेवते आणि खाली जर्मनमध्ये ते काय आहे एवढं सांगते, कशाच्या बरोबरीचं आहे ते नाही. वरच्या सीव्हीत शेवटी असं गेलं:

```
General Nursing and Midwifery (GNM), Indien
Dreijährige Ausbildung in der Krankenpflege
mit Anteilen der Geburtshilfe

Staff Nurse (Pflegekraft), Notaufnahme
```

'फ्लेगेक्राफ्ट' मुद्दाम आहे. नोंदणीकृत नर्ससाठीचं 'फ्लेगेफाखफ्राऊ' हे नाव तिकडची मान्यता हातात येईपर्यंत लावता येत नाही. बरोबरी ठरवणं तिथल्या मान्यता देणाऱ्या कार्यालयाचं काम आहे. ते विषय आणि तास मोजतात, कमी पडलं तर लेखी कळवतात आणि मग जुळवणीचा कोर्स किंवा परीक्षा द्यावी लागते. सीव्हीत एक पदवी, प्रमाणपत्रात दुसरी असं दिसलं तर खुलासे मागवतात, आणि तेवढ्यात महिने जातात.

अ‍ॅप काढून टाकलेलं नाही. पत्ते, तारखा, कामाची साधी वर्णनं, 'रुग्णांना औषधं देणे' वगैरे, ते बरं करतं आणि माझं टायपिंग वाचतं. हुद्दे आणि पदव्या मी आधी हायलाइटरने रंगवून घेते आणि त्या ओळी अ‍ॅपच्या भाषांतरातून उचलतच नाही. प्रमाणपत्रांचं भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडेच जातं. त्यांना मी सीव्हीतले हेच शब्द एका कागदावर लिहून पाठवते, म्हणजे दोन्ही कागदांवर जीएनएमची ओळ एकच येते.