रेटिक काउंट: रिपोर्टमधला टक्का की दुरुस्त आकडा?

रिपोर्टवर रेटिक, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, ६ टक्के दिसल्या की वाटतं, अस्थिमज्जा जोरात कामाला लागली आहे. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, १५ टक्के असेल तर हा टक्का फसवा आहे: एकूण तांबड्या पेशीच घटल्याने तो फुगतो.

नेहमीचा हिमॅटोक्रिट ४५ धरून दुरुस्त करू: ६ × १५ ÷ ४५ = २. शिवाय तीव्र ॲनिमियात रेटिक पेशी कच्च्याच बाहेर पडतात आणि रक्तात जास्त दिवस मोजल्या जातात, म्हणून इथे आणखी २.५ ने भागायचं. उरतात ०.८. दोनच्या खाली म्हणजे मज्जेचा प्रतिसाद अपुरा. तीनच्या वर असता तर रक्तस्राव किंवा हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, शोधलं असतं.

मी दुरुस्त आकड्यावरच विसंबतो. मात्र रक्तस्रावाच्या दुसऱ्याच दिवशी तोही कमीच येतो. मज्जेला आठवडाभर लागतो.