सदस्यत्व रद्द करण्याची वाट कुठे अडवलेली असते

व्यायाम शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचे सदस्यत्व मी रद्द केले होते, तरीही पुढच्या तिमाहीचे ५९९ रुपये माझ्या खात्यातून वळते झाले. असे नेमके कोणत्या टप्प्यावर घडवून आणले जाते हे कळले, तर इतरांचे पैसे वाचू शकतील, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरात ‘१ रुपयात सात दिवस’ अशी होती. बटण दाबताच यूपीआयचे अ‍ॅप उघडले आणि त्यावर १ रुपयाचा आकडा ठळक दिसला. त्याच पडद्यावर खाली, बारीक अक्षरांत, ऑटोपेची मंजुरी होती: कमाल रक्कम ५९९ रुपये, दर तिमाहीला, आणि मुदत कित्येक वर्षे पुढची. पिन टाकताच एक रुपया जातो आणि त्याच्याबरोबरच ही दीर्घ मुदतीची परवानगीही दिली जाते. या तीन ओळी पिन टाकण्यापूर्वी वाचाव्यात, कारण नंतरचा सगळा खटाटोप त्यांच्यामुळेच करावा लागतो.

सदस्य होण्याचे बटण पहिल्याच पानावर होते. रद्द करण्याचे मात्र ना प्रोफाइलमध्ये होते, ना सेटिंग्जमध्ये. ते ‘मदत’ विभागातील बिलिंगविषयीच्या एका लांबलचक उत्तराच्या शेवटच्या ओळीत, साध्या मजकुरासारखे दिसेल अशा रीतीने दडवलेले होते. तिथून पुढच्या पडद्यावर ‘माझे फायदे चालू ठेवा’ हे मोठे हिरवे बटण आणि त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत ‘पुढे जा’. त्यानंतर प्रश्न आला, ‘रद्द करण्याची प्रक्रिया थांबवायची आहे का?’ इथे ‘होय’ म्हटले की सदस्यत्व कायम राहते, आणि घाईत असलेला माणूस ‘होय’च म्हणतो. मग कारणांची यादी, मग निम्म्या दराची सवलत, मग ‘एक महिना विश्रांती घ्या’ असा पर्याय. हा शेवटचा पर्याय विशेष फसवा आहे, कारण त्यात परवानगी तशीच राहते आणि महिना संपला की वसुली आपोआप सुरू होते.

खरी मेख शेवटच्या पडद्यावर होती. तिथे लिहिले होते, ‘तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे, आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील.’ विनंती मिळणे आणि सदस्यत्व रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदस्यत्व अमुक तारखेपासून बंद झाले असे स्पष्ट वाक्य आणि त्याचा ईमेल मिळेपर्यंत ते चालूच आहे असे समजावे. मला प्रतिनिधीचा फोन आला नाही. पैसे मात्र वेळेवर गेले.

अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकल्यानेही वसुली थांबत नाही. परवानगी आपल्या खात्याच्या बाजूला नोंदलेली असते आणि तिथूनच ती मागे घ्यावी लागते. यूपीआयने दिली असेल, तर त्याच यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेच्या विभागात. कार्डावर असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे. आणि प्ले स्टोअरमार्फत पैसे भरले असतील, तर प्ले स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीत. यादीत अ‍ॅपचे नाव दिसेलच असे नाही, अनेकदा मूळ कंपनीचे वेगळेच नाव असते, म्हणून नावापेक्षा रक्कम आणि तारीख जुळवून पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरातींच्या संदेशांत हरवते, पण परवानगी मागे घेण्याची ती शेवटची सोयीची वेळ असते. मात्र परवानगी मागे घेतल्याने फक्त पुढची वसुली थांबते. गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि वर्षभराचा करार असेल तर कंपनी बाकी मागू शकते. त्यामुळे कंपनीला रद्द करत असल्याचे लेखी कळवणेही आवश्यक आहे.

रद्द करण्याचा पर्याय लपवणे किंवा ती प्रक्रिया मुद्दाम किचकट करणे हे आपल्याकडे नियमबाह्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करण्यासाठी केलेल्या ऑनलाइन मांडणीचे, १३ प्रकार दिले आहेत आणि सदस्यत्वाचा सापळा त्यांतलाच एक आहे. मोफत सदस्यत्वासाठी ऑटो डेबिटची परवानगी सक्तीने घेणेही त्यातच मोडते. मी प्रत्येक पडद्याचे स्क्रीनशॉट, विनंतीची तारीख आणि वळत्या झालेल्या रकमेची नोंद जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार केली. तिचा क्रमांक १९१५ आहे. विनंतीनंतर गेलेले ५९९ रुपये कंपनीने परत केले. त्याआधीच्या तिमाहीचे मात्र मिळाले नाहीत, कारण त्या काळात रद्द करण्याची वाट शोधून मी अर्ध्यातून परत फिरलो होतो आणि त्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता.