अज्ञात धातूचा विशिष्ट उष्मा: धातू पाण्यात तापवावा की कोरडा?

मिश्रण पद्धतीचं तत्त्व थोडक्यात सांगता येतं. तापलेला धातू थंड पाण्यात टाकायचा, आणि धातूने गमावलेली उष्णता पाण्याने व कॅलरीमापीने मिळून घेतली असं धरून समीकरण मांडायचं. पण प्रयोगाला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि उत्तराची अचूकता बरीचशी तिथेच ठरते. धातूचा ठोकळा दोऱ्याने बांधून थेट उकळत्या पाण्यात सोडायचा, की परीक्षानळीत किंवा वाफेच्या वेष्टनात ठेवून कोरडाच तापवायचा? दोन्ही रीती चालतात. मात्र दोघींच्या चुका वेगळ्या असतात, आणि अनेकदा त्या उत्तराला विरुद्ध दिशांना ढकलतात.

तुलनेसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. धातू १५० ग्रॅम. तांब्याच्या कॅलरीमापीत १२० ग्रॅम पाणी २५.० अंश सेल्सिअसला. कॅलरीमापी आणि ढवळणी मिळून ६० ग्रॅम तांबं. धातू ९९.० अंशांपर्यंत तापवून पाण्यात सोडला आणि मिश्रण ३२.२५ अंशांवर स्थिरावलं, म्हणजे पाणी ७.२५ अंशांनी तापलं.

पाण्याचा विशिष्ट उष्मा ४.१८ आणि तांब्याचा ०.३८५ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश. (पुढे एकक पुन्हा लिहीत नाही.) पाणी आणि कॅलरीमापी मिळून एका अंशाला सुमारे ५२४.७ जूल लागतात. त्याला ७.२५ ने गुणलं की घेतलेली उष्णता सुमारे ३८०४ जूल येते. धातू ६६.७५ अंशांनी थंड झाला, म्हणून ३८०४ ला १५० आणि ६६.७५ यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर ०.३८०. काहीच बिघडलं नाही तर हे उत्तर मिळतं. आता बिघडवून पाहू.

आधी पाण्यात तापवण्याची रीत. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे धातूच्या तापमानाबद्दल शंका राहत नाही. पाणी धातूला सगळीकडून भिडलेलं असतं, त्यामुळे काही मिनिटं खळखळ उकळू दिलं की ठोकळा आतपर्यंत पाण्याच्याच तापमानाला येतो. फक्त ते तापमान १०० आहे असं गृहीत न धरता तापमापीने मोजावं, कारण उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो. ठोकळा भांड्याच्या तळाला टेकू नये, तिथे ज्योतीची उष्णता जास्त पोचते.

अडचण ठोकळा बाहेर काढल्यावर सुरू होते, कारण तो ओला असतो. समजा त्याच्यासोबत आणि दोऱ्यासोबत १ ग्रॅम गरम पाणी कॅलरीमापीत गेलं. १ ग्रॅम पाणी म्हणजे किरकोळ वाटतं. पण ते एका अंशाला ४.१८ जूल देतं आणि हा धातू ग्रॅममागे ०.३८, म्हणजे ते १ ग्रॅम पाणी या धातूच्या ११ ग्रॅमइतकी उष्णता घेऊन येतं. आपल्या उदाहरणात मिश्रण ३२.२५ ऐवजी ३२.७३ अंशांवर थांबेल आणि विशिष्ट उष्मा ०.४०८ येईल. केवळ त्या ओलाव्यामुळे उत्तर सात टक्क्यांनी वर गेलं.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, तरी फार थोडे जण करतात: प्रयोग संपल्यावर सगळं पुन्हा वजन करा. कॅलरीमापी, आधीचं पाणी आणि कोरड्या धातूचं वस्तुमान वजा केलं की जे उरतं ते सोबत आलेलं पाणी. त्याची उष्णता समीकरणात धातूच्या बाजूला मांडली की ही चूक जवळजवळ निघून जाते.

पण ओल्या ठोकळ्याची दुसरीही एक चूक आहे, आणि ती तराजूला दिसत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेला ओला ठोकळा हवेत वाफाळत असतो. उकळत्या तापमानाजवळ १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० जूल लागतात. चार-पाच सेकंदांत फक्त ०.१ ग्रॅम पाणी उडालं तरी २२६ जूल गेले. ही उष्णता मुख्यतः धातूतून येते, म्हणून तो पाण्यात पडण्याआधीच जवळपास ४ अंशांनी थंड झालेला असतो. आपण मात्र ९९.० लिहून मोकळे होतो. ही चूक उत्तर सुमारे ६ टक्क्यांनी खाली ओढते.

म्हणजे सोबत आलेलं पाणी उत्तर वर ढकलतं आणि उडालेलं पाणी ते खाली ओढतं. दोन्ही साधारण सारखी झाली तर पुस्तकातलं उत्तर हुबेहूब येतं आणि प्रयोग उत्तम झाला असं वाटतं. मला या रीतीतला हाच सगळ्यात मोठा धोका वाटतो. ठोकळा फडक्याने पुसणं हाही उपाय नव्हे, कारण फडकं उष्णता टिपून घेतं आणि वेळही जातो. कॅलरीमापी जवळ ठेवा, मध्ये आडोसा ठेवा म्हणजे बर्नरची आच आणि वाफ तिच्यापर्यंत पोचणार नाही, ठोकळा एकदा झटका आणि लगेच सोडा.

आता कोरडी रीत. धातूचे दाणे परीक्षानळीत भरायचे, तापमापीचा फुगा दाण्यांत पूर्ण गाडायचा, तोंडाशी कापूस लावायचा आणि नळी उकळत्या पाण्यात किंवा वाफेच्या वेष्टनात ठेवायची. तापमान स्थिर झालं की दाणे सरळ कॅलरीमापीत ओतायचे. एकोणिसाव्या शतकात आंरी व्हिक्तॉर रेन्यो यांनी विशिष्ट उष्म्याची मोजमापं केली, त्यांच्या उपकरणाचा गाभा हाच होता: वाफेने वेढलेल्या कोठीत धातू कोरडा तापवायचा, कॅलरीमापी नेमक्या क्षणी खाली आणायची आणि धातू तिच्यात सोडायचा.

इथे ओलावा नाही, आणि त्यामुळे वाफाळणंही नाही. नेताना होणारा तोटा मग किती राहतो? प्रयोगवहीत चुकांच्या यादीत ‘धातू नेताना उष्णता हवेत गेली’ हे बहुतेक पहिलं असतं. आपल्या १५० ग्रॅमचा पितळेसारखा ठोकळा धरला तर त्याचं पृष्ठफळ सुमारे ४० चौरस सेंटीमीटर भरतं. कोरड्या अवस्थेत तो हवेला सेकंदाला साधारण ५ जूल देईल. तीन सेकंदांत १५ जूल म्हणजे ३८०४ मधला अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग. ही चूक खरी आहे, पण पहिल्या क्रमांकाची नाही.

कोरड्या रीतीची खरी चूक धातूच्या तापमानात असते. दाण्यांमधली हवा उष्णता फार हळू वाहून नेते, त्यामुळे नळीच्या भिंतीजवळचे दाणे लवकर तापतात आणि मधले मागे राहतात. तापमापी ९८ दाखवते आहे, पण सगळ्या दाण्यांचं सरासरी तापमान ९४ च आहे असं समजा. मग मिश्रण ३१.७६ वर थांबेल आणि ९८ धरून केलेल्या गणितात उत्तर ०.३५७ येईल. ही चूक ओळखायची खूण म्हणजे वाचन अजून सावकाश वर सरकत असतं. अर्धा तास लागला तरी लागू द्या. सलग काही मिनिटं वाचन हललं नाही तरच ओता, आणि ते वाचन १०० पेक्षा कमी असलं तरी तेच गणितात घ्या. ओतताना पाणी बाहेर उडणार नाही याची मात्र काळजी घ्यावी लागते.

मग निवड कशी करायची? धातू एकसंध ठोकळ्याच्या रूपात असेल आणि त्याला तापमापीसाठी भोक नसेल, तर कोरड्या रीतीत त्याच्या आतलं तापमान कळणारच नाही. अशा वेळी पाण्यात तापवा, पण शेवटी वजन केल्याशिवाय उत्तर मांडू नका. धातू दाण्यांच्या किंवा कापलेल्या तुकड्यांच्या रूपात असेल तर कोरडी रीतच घ्या, कारण तुकडे जितके बारीक तितकं पृष्ठफळ जास्त आणि ते पाणीही तितकंच जास्त धरून ठेवतात.

दुसरी कसोटी धातूचीच आहे. सोबत आलेलं १ ग्रॅम पाणी अॅल्युमिनियमच्या १५० ग्रॅमला जेमतेम ३ टक्क्यांची चूक देतं, कारण त्याचा विशिष्ट उष्मा ०.९० आहे. शिशाचा ०.१२९ आहे, तिथे तेच पाणी ३२ ग्रॅम शिशाइतकं ठरतं आणि चूक जवळपास २२ टक्क्यांवर जाते. धातू अज्ञात असला तरी हातात घेऊन अंदाज येतो. जड अणूंच्या धातूंचा विशिष्ट उष्मा कमी असतो हे द्यूलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये दाखवलं होतं. घनता आणि अणुभार नेहमी सोबत चालतात असं नाही, तरी आकाराच्या मानाने फारच जड लागणारा धातू असेल तर ओल्या रीतीच्या वाटेला न गेलेलंच बरं.

पुढच्या दोन चुका दोन्ही रीतींना सारख्याच लागू आहेत. पहिली तापमानवाढीच्या वाचनाची. ७.२५ अंशांच्या वाढीत दोन्ही वाचनांत ०.१ अंशाची चूक विरुद्ध बाजूंनी झाली तर उत्तर जवळपास ३ टक्के बिघडतं. पाणी १२० ऐवजी २४० ग्रॅम घेतलं तर वाढ ३.९ अंशांवर येते आणि हीच चूक जवळजवळ दुप्पट होते. म्हणून धातू नीट बुडेल इतकंच पाणी घ्या. एकेक अंशाच्या खुणा असलेली तापमापी या कामाला पुरत नाही.

दुसरी चूक मिश्रण थंड होत जाण्याची. सुरुवातीचं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थोडं थंड घेतलं तर आधी खोलीकडून उष्णता येते आणि नंतर तिकडे जाते, त्यामुळे हिशोब बराचसा जुळतो. पण तापमान झपाट्याने चढत असल्यामुळे वरच्या बाजूला वेळ जास्त जातो, आणि दमट हवेत कॅलरीमापीच्या बाहेर दव धरतं. मी त्यापेक्षा आलेख पसंत करतो: धातू टाकण्याआधी आणि नंतर दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यायचं आणि उतरती रेषा मागे वाढवून मिश्रणाच्या क्षणाचं तापमान काढायचं.

आता ०.३८० हे उत्तर कोणत्या धातूचं? तांबं ०.३८५, जस्त ०.३८८, पितळ सुमारे ०.३८. दोन-तीन टक्क्यांच्या चुकीत हे तिन्ही बसतात, आणि या प्रयोगाला ते वेगळे करता येत नाहीत. इथे मोजपात्र घ्या. धातू कोरडा करून पाण्यात बुडवा: १५० ग्रॅम जस्त सुमारे २१ मिलिलिटर पाणी सारेल, तांबं जेमतेम १७. पितळ तांब्याच्या जवळ, साधारण १७.५ वर येईल, पण त्या दोघांत रंग पुरतो.