सोयाबीन वाणाची रॉयल्टी तपासायची तर बिलांवरून की वजनावरून?

वाण तुमचा, परवाना जालन्याच्या बियाणे कंपनीकडे आणि रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या ४ टक्के. दरवर्षी एका पानाचे विवरणपत्र येते: इतक्या पिशव्या, इतकी वजावट, इतकी रॉयल्टी. ते खरे आहे का, हे पाहायचे दोन रस्ते आहेत. पहिला विक्रीच्या बिलांवरून जातो, दुसरा बियाण्याच्या वजनावरून. दोन्हींचा खर्च सारखा नाही आणि दोन्हींत सापडणारी चूकही वेगळी असते.

एक हिशोब समजून घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. कंपनीने २५ किलोच्या १८,००० पिशव्या विकल्याचे कळवले. वितरकाचा दर २,५०० रुपये, म्हणजे एकूण साडेचार कोटी. त्यातून ११ टक्के स्कीम वजा करून १६,०२,००० रुपये रॉयल्टी दिली.

बिलांची तपासणी तीन-चार दिवसांत होते. विक्री रजिस्टर, क्रेडिट नोट आणि वितरकांची खाती समोर ठेवून करारातली ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या शब्दशः लावायची. इथे करारात वजावटीची मर्यादा ५ टक्के आहे. वरचे ६ टक्के परत धरले की रॉयल्टी १७,१०,००० होते, म्हणजे १,०८,००० कमी मिळाले. परत आलेल्या मालाचेही असेच. क्रेडिट नोटवर जुलै-ऑगस्टची तारीख असेल, पण त्या पिशव्या गोदामाच्या आवक नोंदीत नसतील, तर तो माल परत आलेलाच नाही.

मात्र जी विक्री बिलावरच चढली नाही, ती या रस्त्याने दिसत नाही. इतर धंद्यांत जीएसटीच्या विवरणपत्राशी बिले जुळवता येतात. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, त्यामुळे GSTR-1 मध्ये ती विक्री एकत्रित आकड्यात जाते, बिलवार नाही. ई-वे बिलाचीही सक्ती नाही. म्हणून बियाण्याच्या बाबतीत नुसत्या कर-विवरणावर विसंबणे आम्हाला धोक्याचे वाटते.

वजनाची तपासणी उलटीकडून सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बीजोत्पादक शेतकऱ्यांकडून आलेल्या मालाच्या काटापट्ट्या बेरजेला घ्यायच्या. समजा कच्चे बियाणे ६,२०० क्विंटल आले. १८,००० पिशव्यांत ४,५०० क्विंटल गेले. उरलेले १,७०० क्विंटल ‘ग्रेडिंगमध्ये निघालेले आणि उगवणीत नापास’ म्हणून दाखवले आहे. सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. नापास लॉट धान्य म्हणून तेल गिरणीला किंवा आडतीवर जातो, म्हणून आडतपट्ट्या आणि गिरणीची बिले मागायची. ती भरली १,१०० क्विंटलची. ओलावा आणि कचऱ्याला १०० क्विंटल सोडले, तरी ५०० क्विंटलचा पत्ता नाही. म्हणजे २,००० पिशव्या.

इथे थांबू नका, कारण ‘धान्य रोखीने विकले, पट्टी नाही’ हे उत्तर येणारच. मग छापील रिकाम्या पिशव्या मोजा. खरेदी २०,६००, शिल्लक ४००, फाटलेल्या २००, म्हणजे वापरल्या २०,०००. बियाण्याची तूट आणि बारदाना दोन्ही २,००० वर जुळले. शिवाय नापास म्हटलेल्या लॉटचा उगवण अहवाल लॉट क्रमांकाने काढा. त्यावर ७८ टक्के लिहिले असेल तर नापासचा दावा तिथेच पडतो. ५ टक्के वजावट देऊन या पिशव्यांची रॉयल्टी १,९०,००० होते.

हे काम महागडे आहे. दोन फेऱ्या कराव्या लागतात: एक मे सुरू होण्याआधी, गोदामात माल असताना, आणि दुसरी ऑगस्टनंतर. शिवाय करारात तेवढा हक्क हवा. ‘विक्रीची पुस्तके’ एवढेच लिहिले असेल तर कंपनी काटापट्ट्या दाखवायला नकार देईल, आणि तिचे म्हणणे चुकीचेही नसेल. ‘उत्पादन, प्रक्रिया, साठा व बारदान्याच्या नोंदी’ हे शब्द आहेत का, हे सूचना पाठवण्याआधी बघा.

मग निवड कशी करायची? रॉयल्टी किलोमागे ठरलेली असेल तर वजावटीचा वादच उरत नाही, सरळ वजनावर जा. टक्केवारीवर असेल आणि करार जुना, व्याख्या सैल असेल, तर आधी बिले. धान्यात गेलेला वाटा दरवर्षी वाढताना दिसला तर दोन्ही. तूट १० टक्क्यांच्या वर गेल्यास तपासणीचा खर्च कंपनीने द्यावा, असे कलम बहुतेकदा असते. वरच्या हिशोबात एकूण देय १९,००,०००. नुसत्या बिलांवरून देय १७,१०,००० एवढेच दिसते, तूट ६.३ टक्के निघते आणि खर्च तुमच्या अंगावर पडतो. दोन्ही मिळून २,९८,००० म्हणजे १५.७ टक्के होते, तेव्हा खर्च त्यांच्याकडे जातो.

थकबाकीच्या दाव्याला सर्वसाधारण मुदत ३ वर्षांची आहे. त्यामुळे सर्वांत जुन्या हंगामाच्या काटापट्ट्या आणि आडतपट्ट्या पहिल्या फेरीतच मागून घ्या.