लोगो नाही म्हणून भारी समजले आणि १८,८४९ रुपये गेले

स्वेटर १८,४९९ रुपयांचा, वर कुरियरचे ३५०. डिसेंबरात भावाकडे टोरंटोला जायचं होतं, म्हणून इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून घेतला. ओटमील रंग, साधा गोल गळा, खांद्यावर नीट बसणारा कट, कुठेही लोगो नाही. 'शंभर टक्के कॅश्मिअर, क्वाएट लग्झरी.' कॅश्मिअर म्हणजे बकरीची मऊ लोकर. क्वाएट लग्झरीच्या फॅशनमध्ये नाव मिरवायचं नसतं. कापड, रंग आणि बेतणी यांवरूनच जाणकाराला कळतं. फोटोत मात्र रंग दिसतो, लोगो नसलेला दिसतो. कापड हाताला लागत नाही. त्यांनी नेमकं तेवढंच विकलं.

मी कपड्यातली अडाणी नाही. पैठणी घेताना पदर उलटून मागची बाजू बघणारी बाई आहे मी! इथे आतल्या बाजूचा फोटो मागितलाच नाही, याचाच संताप येतो. सूत किती प्लायचं, म्हणजे किती धागे पिळून केलेलं, एवढं मात्र विचारलं होतं. उत्तर आलं, "प्रीमियम क्वालिटी आहे मॅम, फक्त दोन पीस उरलेत." माझा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर आलंच नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पैसे पाठवले, तेही थेट यूपीआयने. कार्डाने दिले असते तर बँकेकडे चार्जबॅक टाकून पैसे परत तरी मागता आले असते.

दुसऱ्यांदा घातला तेव्हा काखेत गोळे आले. गोळे अस्सल कॅश्मिअरलाही येतात, म्हणून मनाची समजूत घातली. मग उलटा केला. चांगल्या स्वेटरचे भाग विणतानाच आकार देऊन घडवतात, टाके कमी करत नेल्याच्या खुणा बाहीच्या जोडाजवळ दिसतात. इथे विणलेलं कापड सरळ कापून ओव्हरलॉक मारलेलं. आतल्या शिवणीतला एक धागा ओढून चिमट्यात धरला आणि गॅसवर जाळला. बकरीची लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरडते. याचा प्लास्टिकसारखा वास सुटला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. ॲक्रिलिक! मऊपणा नुसता वरून ब्रश फिरवून आणलेला.

पेजने मला ब्लॉक केलं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून साहेब म्हणाले, "स्वेटर मिळाला ना मॅडम? मग फसवणूक कसली?" ॲक्रिलिकला कॅश्मिअर म्हणून विकणं फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच मात्र तीन हेलपाट्यांनंतर दिली. वर "एवढा महाग स्वेटर घ्यायचाच कशाला?" हे ऐकून घ्यावं लागलं. पैसे माझे, कष्टाचे होते!

ऑनलाइन विक्रेत्याने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करायचा, असा २०२० चा नियम आहे. त्या पेजवर नुसता व्हॉट्सॲप नंबर होता. पत्ता नसेल तर पैसे पाठवू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. स्वेटर, चॅटचे प्रिंट आणि कागदावर चिकटवलेला तो काळा मणी एका पिशवीत घालून कपाटात ठेवलाय.