वाय-फायचा पासवर्ड बदलताना जुनं नेटवर्क चालू ठेवायचं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

राउटरच्या पानावर पासवर्ड बदलायला दोन मिनिटं पुरतात. पण ‘सेव्ह’ दाबलं की घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतात, आणि खरा वैताग तिथून सुरू होतो. फोन-लॅपटॉपचं काही वाटत नाही. टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि गीझरचा स्मार्ट प्लग यांची गोष्ट वेगळी आहे. नवं नेटवर्क सोप्या रीतीने भरायची सोय त्यांच्यात असते, पण ती बहुतेक वेळा उपकरण ऑनलाइन असतानाच चालते. टीव्हीसाठी फोनवरचं रिमोट ॲप आणि त्याचा कीबोर्ड वापरायचा, तर फोन आणि टीव्ही साधारणपणे एकाच वाय-फायवर लागतात. बऱ्याच कॅमेऱ्यांचं नेटवर्क ॲपमधून बदलता येतं, पण कॅमेरा ॲपला दिसत असला तरच. आधी पासवर्ड बदलला की हे दोन्ही रस्ते बंद होतात. मग रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपत बसायचं, नाहीतर स्टुलावर चढून कॅमेऱ्याचं रिसेटचं बटण शोधायचं.

म्हणून ही पद्धत उलटी आहे. जुना पासवर्ड बदलायचाच नाही. नव्या नावाचं आणि नव्या पासवर्डचं दुसरं नेटवर्क त्याच्या शेजारी उभं करायचं, उपकरणं एकेक करून तिकडे न्यायची आणि जुनं शेवटी बंद करायचं. ही पद्धत ज्या टूबीएचके घरात वापरली तिथे फायबरचा ओएनटी, म्हणजे फायबर कंपनीने बसवलेला राउटरचा डबा, चार फोन (त्यातला एक आयफोन), दोन लॅपटॉप, हॉलमध्ये अँड्रॉइड टीव्ही, बेडरूममध्ये फायर टीव्ही स्टिक, प्रिंटर, कॅमेरा, तीन स्मार्ट प्लग आणि वाय-फायचा एसी, अशी चौदा उपकरणं आहेत.

राउटरचं पान बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 वर उघडतं. नेमका पत्ता आणि लॉगिन डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो. पुष्कळ ओएनटीमध्ये वायरलेसच्या सेटिंगमध्ये SSID1, SSID2 अशी नावांची जागा असते. पहिलं जुनं नाव तसंच ठेवायचं, दुसरं चालू करून नवं नाव द्यायचं आणि सुरक्षा WPA2-PSK, AES ठेवायची. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पानं वेगळी असतील तर दोन्हीकडे हेच करायचं. त्याच पानावर ‘Isolation’ नावाची खूण असेल तर ती काढलेली आहे ना, हे पाहा. ती राहिली तर फोनला टीव्ही आणि प्रिंटर दिसत नाहीत, आणि दोष पासवर्डचाच आहे असं वाटत राहतं.

दुसरं नाव फक्त ‘Guest’ म्हणूनच मिळत असेल तर अदलाबदल करा: मुख्य नेटवर्कला नवं नाव-पासवर्ड आणि गेस्टला जुनं नाव-पासवर्ड. उपकरणं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एवढंच ओळखतात. जुन्या नावाचं गेस्ट दिसलं की ती आपोआप त्याला जोडली जातात. मात्र गेस्टवर उपकरणं एकमेकांना बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे टीव्हीसाठी रिमोट ॲप चालेलच असं नाही.

पासवर्ड टीव्हीचा विचार करून ठरवा. टीव्हीच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर प्रत्येक मोठ्या अक्षरासाठी आणि चिन्हासाठी बाणांची वेगळी फेरी पडते. नियम ८ ते ६३ अक्षरांचा आहे, मोठी अक्षरं किंवा चिन्हं असलीच पाहिजेत असं WPA2 म्हणत नाही. चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, कसलाही अर्थ नसलेली सोळा लहान अक्षरं ही चिन्हं-आकडे मिसळलेल्या दहा अक्षरांपेक्षा कमकुवत नसतात, आणि रिमोटवर कितीतरी लवकर भरून होतात. l आणि o टाळा, म्हणजे 1 आणि 0 शी गल्लत होत नाही. काही राउटर आकड्याशिवाय पासवर्ड घेत नाहीत. तिथे शेवटी एक आकडा जोडायचा. कागदावर चार-चारच्या गटांत लिहा, भरताना मात्र मधे जागा सोडू नका.

आता फोन. पहिल्या अँड्रॉइड फोनवर पासवर्ड हाताने भरायचा, मग त्या नेटवर्कच्या पानावर ‘Share’ दाबलं की क्यूआर कोड येतो. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. बाकीचे फोन तोच कोड स्कॅन करतात, आयफोनचा साधा कॅमेराही. आयफोनवर आयक्लाउड कीचेन चालू असेल तर त्याच खात्याच्या आयपॅडला आणि मॅकला पुन्हा काही भरावं लागत नाही. कोडच्या आत एवढीच ओळ असते:

```
WIFI:T:WPA;S:Ghar-Nave;P:kempvhatrdusgnib;;
```

कोड बनवायला अनोळखी वेबसाइटवर पासवर्ड टाकू नका, फोन तो स्वतःच बनवतो. विंडोज लॅपटॉप नव्या नेटवर्कला जोडल्यावर जुन्याची आठवण एका ओळीत पुसता येते. ‘Ghar’ च्या जागी आपलं जुनं नाव टाकायचं:

```
netsh wlan delete profile name="Ghar"
```

मग टीव्ही. इथेच या पद्धतीचे पैसे वसूल होतात. एक फोन थोडा वेळ जुन्या नेटवर्कवरच ठेवा, कारण टीव्ही अजून तिथेच आहे. गूगल टीव्ही किंवा गूगल होम ॲपमधला रिमोट उघडून टीव्हीशी जोडा. टीव्हीवर Settings, मग Network & Internet मध्ये जाऊन नवं नाव निवडा. पासवर्डची चौकट आली की फोनवर कीबोर्ड उघडतो, त्यात टाइप करा. फायर स्टिकला तिचं स्वतःचं फायर टीव्ही ॲप लागतं, बाकी सगळं तसंच.

जोडणी झाली तरी एक काम उरतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. टीव्हीच्या यादीतलं जुनं नाव निवडून ‘Forget network’ करायचं. फायर स्टिकवर त्या नावावर थांबून रिमोटचं तीन आडव्या रेघांचं बटण दाबायचं. हे केलं नाही तर जुनं नेटवर्क चालू असेपर्यंत टीव्ही बंद-चालू झाल्यावर गुपचूप तिकडे परतू शकतो, आणि जुनं बंद केल्यावर ‘काल तर चालत होता’ असं ऐकावं लागतं.

राउटर दुसरं नावच देत नसेल, किंवा पासवर्ड आधीच बदलून बसला असाल, तरी टीव्हीपुरता उपाय आहे. एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्याला जुन्या वाय-फायचं नेमकं नाव आणि जुना पासवर्ड द्या. लहान-मोठी अक्षरंही तीच हवीत. टीव्ही ओळखीचं नेटवर्क समजून जोडला जातो. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घेऊन त्यावरून रिमोट ॲप चालवा. टीव्ही जुना असून त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळत असेल तर हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यावर लावा. आयफोनवर त्यासाठी ‘Maximise Compatibility’ चालू करायचं. याहून साधं म्हणजे टीव्हीच्या यूएसबी खाचेत संगणकाचा कीबोर्ड खोचणं. बहुतेक अँड्रॉइड टीव्ही तो लगेच ओळखतात. फायर स्टिकला ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो.

पासवर्ड बरोबर असूनही टीव्ही नाकारत असेल तर आधी मूळ पासवर्डच तपासा. व्हॉट्सॲपवरून नकलून राउटरमध्ये चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा येऊ शकते. मोकळी जागा हेसुद्धा पासवर्डमधलं वैध अक्षर आहे, त्यामुळे काही राउटर ती निमूट स्वीकारतात. लक्षण ठळक आहे: ज्या फोनवर पासवर्ड चिकटवला तो आणि त्याच्या क्यूआरने आलेले बाकीचे फोन चालतात, हाताने भरलेलं एकही उपकरण चालत नाही. दुसरं कारण मराठी कीबोर्ड. फोनवर तो चालू असेल तर 1 ऐवजी १ उमटू शकतो, आणि ठिपक्यांमागे ते दिसत नाही. डोळ्याच्या खुणेवर दाबून एकदा पाहायचं.

स्मार्ट प्लग आणि एसी हा या पद्धतीचा कच्चा भाग. काही ॲपमध्ये पर्यायी नेटवर्क आधीच भरून ठेवता येतं. ते नसेल तर रिसेटला पर्याय नाही. प्लगचं बटण साधारण पाच सेकंद दाबून दिवा भराभर लुकलुकू लागला की पुन्हा जोडायचा. जोडण्याआधी त्याला ॲपमधून काढून टाकू नका. त्याच खात्यात पुन्हा जोडला तर नाव आणि गीझरच्या वेळा बहुधा टिकतात, काढून टाकला की सगळं नव्याने. प्लगांना बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतं, त्यामुळे जोडताना फोनही त्याच पट्ट्यावर असलेला बरा.

हे काम एकदाच करायचं असेल तर प्लग, एसी आणि कॅमेरा तिसऱ्या, वेगळ्या नावावर टाका आणि त्याचा पासवर्ड कोणालाच देऊ नका. ही उपकरणं कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात, त्यामुळे त्यांना गेस्टही पुरतं. टीव्ही आणि प्रिंटर मात्र फोनच्याच नेटवर्कवर हवेत, नाहीतर कास्ट आणि प्रिंट बंद पडतात. काही महिन्यांच्या वापरात सगळ्यात जास्त फायदा या विभागणीचा झाला. पाहुण्यांकडे गेलेला पासवर्ड पुढे बदलला तेव्हा फोन आणि लॅपटॉप, टीव्ही, स्टिक आणि प्रिंटर एवढ्यांनाच हात लावावा लागला. पाच उपकरणांना कोणी शिवलंसुद्धा नाही.

एक तोटा नंतर लक्षात येतो. राउटर फोनला ज्यावरून ओळखतो तो मॅक पत्ता नव्या नावाबरोबर बदलतो: हल्लीचे अँड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात. राउटरमध्ये मुलांच्या फोनला रात्रीची वेळमर्यादा लावली असेल तर ती नव्या नेटवर्कवर लागूच होत नाही, पुन्हा लावावी लागते.

जुनं नेटवर्क फार दिवस ठेवू नका. ज्याच्यापासून सुटका हवी तो पासवर्ड तोवर चालूच असतो. कोणी गैरवापर करत असल्याचा संशय असेल तर ही पद्धत नकोच, सरळ बदला आणि टीव्हीसाठी यूएसबी कीबोर्ड काढा. एरवी दोन-तीन दिवसांनी राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जुन्या नावाखाली कोण उरलंय ते पाहा. बंद असलेला प्रिंटर आणि न वापरलेला एसी त्या यादीत दिसत नाहीत, म्हणून यादी पाहण्याआधी ते एकदा चालू करा. मग जुनं नाव पुसण्याऐवजी फक्त बंद करा. एखादं उपकरण राहिलंच, तर तेवढ्यापुरतं पुन्हा चालू करता येतं.