१२ व्होल्टच्या सप्लायसाठी चार डायोड की सेंटर टॅप?

१२ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा लिनिअर सप्लाय बांधायचा आहे, पुढे १२ व्होल्टचा रेग्युलेटर ७८१२ लावायचा हेही ठरलंय. मग सीताबर्डीत काउंटरवर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो: ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा देऊ की ०-१५ चा? पहिला, म्हणजे सेंटर टॅपचा, घेतला तर दोन डायोडमध्ये काम भागतं, दुसरा घेतला तर चार डायोडचा ब्रिज लागतो. दोन्ही चालतात, दोन्ही वर्षानुवर्षं चालत आलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण सेंटर टॅपवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हे आधी सांगून ठेवतो.

सेकंडरी १५ व्होल्टचीच का, तर नागपुरातला मे महिना. संध्याकाळी सगळ्या गल्लीतले कूलर आणि एसी एकदम सुरू होतात तेव्हा सॉकेटवर २०० व्होल्ट मिळाले तरी सप्लाय टिकला पाहिजे. १५ व्होल्टचं शिखर २१.२ येतं. मेन्स २३० वरून २०० वर आली की ते १८.४ होतं. त्यातून डायोडचा १ व्होल्ट आणि ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअरला पडणारा साधारण २ व्होल्टचा रिपल वजा केला तर तळ १५.३ च्या आसपास राहतो. ७८१२ ला निदान १४ ते १४.५ हवेत, म्हणजे भागलं. सेकंडरी १२ ची घेतली असती तर हाच तळ १२ च्याही खाली गेला असता.

आता रात्रीची उलटी बाजू पाहू. मेन्स २५० वर चढली आहे आणि लोड काढून ठेवलाय. छोटा ट्रान्सफॉर्मर विनालोड १५ टक्क्यांपर्यंत जास्त देतो, म्हणजे सेकंडरीवर जवळपास १८.७ व्होल्ट आणि शिखर २६.५. फिल्टर कपॅसिटर २५ व्होल्टचा बसवला तर तो इथेच फुगतो, म्हणून ३५ व्होल्टचा घ्यायचा. डायोडच्या दृष्टीने मात्र खरा फरक इथे दिसतो. ब्रिजमध्ये बंद असलेल्या प्रत्येक डायोडवर फक्त हे शिखरच येतं, २६.५ व्होल्ट. सेंटर टॅपमध्ये बंद डायोडच्या एका टोकाला भरलेला कपॅसिटर असतो आणि दुसऱ्या टोकाला उलट दिशेने गेलेला अर्धा भाग, त्यामुळे दोन्हींची बेरीज पडते, ५३ व्होल्ट.

१एन४००७ किंवा १एन५४०८ वापरणारा म्हणेल, १००० व्होल्टच्या डायोडला ५३ काय आणि २६ काय. बरोबर आहे. साध्या सिलिकॉन डायोडपुरता पी.आय.व्ही., म्हणजे बंद डायोडवर पडणारं उलटं शिखर, हा या व्होल्टेजला वादाचा मुद्दाच नाही. पण ब्रिजवर सगळ्यात जुनी तक्रार असते ती दोन डायोडच्या ड्रॉपची. कपॅसिटर भरताना झटक्याने जाणारा करंट कित्येक अँपिअरचा असतो, तेव्हा साधा डायोड एकेकी १ व्होल्टच्या जवळ खातो, म्हणजे ब्रिजमध्ये दोन. त्यावरचा उपाय शॉटकी. १एन५८२२ हा ३ अँपिअरचा शॉटकी ३ अँपिअरला जास्तीत जास्त अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर घेतो, म्हणजे दोघांचे मिळून १ व्होल्ट. वर हिशेबात धरलेला १ व्होल्ट तो हाच. सेंटर टॅपमधला एक साधा डायोडही तेवढंच खातो.

आणि हा डायोड ४० व्होल्टचा आहे. ब्रिजमध्ये तो २६.५ वर आरामात बसतो, सेंटर टॅपमध्ये ५३ वर फुटतो. म्हणजे ड्रॉपचा तोटा भरून काढणारा स्वस्त डायोड ब्रिजलाच चालतो, ही पी.आय.व्ही.ची खरी किंमत. शॉटकीचा उलटा गळती-करंट उष्णतेने भरभर वाढतो, तेव्हा बंद डब्यात ते ७८१२ च्या हीटसिंकला चिकटवून बसवू नयेत. हीटसिंक खरंच तापतं. १ अँपिअरला ७८१२ मध्ये ७ वॅट जळतात.

ट्रान्सफॉर्मरच्या रेटिंगवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला अँपिअर हा आर.एम.एस. असतो. कपॅसिटर फिल्टरमुळे करंट शिखराजवळच्या छोट्या झटक्यांत जातो, म्हणून १ अँपिअर डीसी हवा असेल तर ब्रिजमागची सेकंडरी साधारण १.६ ते १.८ अँपिअरची लागते. १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर ब्रिज लावून १ अँपिअर डीसी ओढला तर तो चालतो, पण तासाभरात हात ठेववत नाही. ०-१५ मध्ये दुकानात सरळ २ अँपिअरचा मागावा.

सेंटर टॅपमध्ये प्रत्येक अर्धा भाग एकाआड एक काम करतो, त्यामुळे त्यातला आर.एम.एस. करंट १.२ अँपिअरच्या आसपास राहतो. म्हणून '१५-०-१५, १ अँपिअर' घेऊन लोक भागवतात आणि बहुतेक वेळा भागतंही. पण तांब्याचा हिशेब केला तर ब्रिजला १५ गुणिले १.७ म्हणजे २५ व्हीए, आणि सेंटर टॅपला ३० गुणिले १.२ म्हणजे ३६ व्हीए लागतात. अर्धं तांबं कायम रिकामं बसलेलं असतं, त्याचे पैसे आणि वजन आपण देतो. अर्थात तयार मालात दोन्ही ३० व्हीएचेच हातात पडतात आणि किमतीतही फारसा फरक नसतो, तेव्हा नुसत्या यावरून मी कुणाला ब्रिज घ्या म्हणणार नाही.

मला ब्रिजकडे नेलं ते वेगळ्याच कटकटीने. सेंटर टॅपचे दोन अर्धे भाग सारखे नसतात. हाताने किंवा साध्या मशीनवर भरलेल्या बॉबिनमध्ये एक भाग आत आणि दुसरा त्यावर गुंडाळलेला असतो. फेरे अगदी मोजून सारखे घातले तरी बाहेरच्या फेऱ्यांची तार लांब पडते, तिचा रोध जास्त असतो आणि लोड आला की त्या भागाचं व्होल्टेज जास्त घसरतं. त्यात चार फेरे इकडेतिकडे झाले की झालंच.

समजा लोडवर एक भाग १५ व्होल्ट देतो आणि दुसरा १४.४. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण शिखरात तो ०.८५ व्होल्टचा होतो. आता लोड ०.२ अँपिअरचा आहे असं धरा. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० मिलिसेकंदांत जेमतेम ०.४ व्होल्ट उतरतो. दुसऱ्या भागाची पाळी येते तेव्हा त्याचं शिखर अजून कपॅसिटरच्या खालीच असतं, त्यामुळे त्याचा डायोड उघडतच नाही. कागदावर फुल-वेव्ह असलेलं सर्किट प्रत्यक्षात हाफ-वेव्ह चालतं. कपॅसिटरला १० ऐवजी २० मिलिसेकंद लोड ओढावा लागतो, रिपल दुप्पट होतो आणि १०० हर्ट्झचा ५० हर्ट्झ होतो. लोड वाढवला की दुसरा भाग जागा होतो खरा, पण अर्धवट. मुख्य ओझं पहिल्याच भागावर राहतं आणि १.२ अँपिअरचा हिशेब त्याच्यापुरता कोलमडतो.

७८१२ पुढे असेल तर बाहेर फार काही दिसत नाही, म्हणूनच हा दोष लपून राहतो. पण त्याच कपॅसिटरवरून थेट छोट्या अॅम्प्लिफायरला सप्लाय दिलात तर स्पीकरमध्ये जाड, खालच्या सुराची घुरघुर येते आणि माणूस अर्थिंग शोधत बसतो. तपासायचं असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची फ्रिक्वेन्सी कपॅसिटरवर वाचा. १०० च्या जागी ५० आले किंवा आकडा दोन्हींत उड्या मारू लागला, तर भाग असमान आहेत. पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून बंद केल्यावर दोन डायोडपैकी एक स्पष्ट जास्त गरम लागतो, हीही तितकीच बोलकी खूण आहे. कपॅसिटर दुप्पट केला तर रिपल कमी होतो, पण सुस्त भाग आणखीच सुस्त होतो. यावर खरा उपाय म्हणजे वाइंडरला दोन्ही तारा एकत्र धरून गुंडाळायला सांगणं. चांगला वाइंडर ते करतोही. तयार मालाबद्दल मात्र खात्री देता येत नाही.

ब्रिजमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण दोन्ही अर्ध्या लाटा एकाच वाइंडिंगमधून येतात. डायोडांत जो काही फरक असेल तो मिलिव्होल्टांत. दोन डायोड जास्त लावण्याच्या बदल्यात ही डोकेदुखी जात असेल तर मला तरी सौदा बरा वाटतो.

सेंटर टॅप मी कुठे ठेवीन? ५-६ व्होल्ट आणि १० अँपिअरच्या पुढच्या कामात. तिथे एक डायोड वाचणं म्हणजे कित्येक वॅटची उष्णता वाचणं. अधिक-उणे सप्लायला टॅप लागतोच, पण तिथे चार डायोड आणि टॅप एकत्र येतात. त्या ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर पूर्ण सेकंडरीचं शिखर पडतं, म्हणजे १५-०-१५ ला पुन्हा तेच ५३ व्होल्ट. तिथे ४० व्होल्टचा शॉटकी चालणार नाही.

ब्रिजच्याही खोडी आहेत. एक डायोड शॉर्ट झाला तर एकाआड एक अर्ध्या लाटेला सेकंडरी थेट शॉर्ट होते आणि प्रायमरीचा फ्यूज उडायच्या आधी वास येतो, म्हणून सेकंडरीतच ३.१५ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घालावा. स्कोपची एक ग्राउंड क्लिप आउटपुटच्या उण्यावर आणि दुसऱ्या चॅनेलची सेकंडरीच्या टोकाला लावली तरी तोच परिणाम होतो, कारण दोन्ही क्लिपा आतून जोडलेल्या असतात.

एखादा डायोड उघडा पडलाय का, हे कपॅसिटर काढून साध्या मीटरवर कळतं. ब्रिजच्या आउटपुटला १०० ओहम, ५ वॅटचा रोध लावा आणि आधी सेकंडरीचा एसी मोजा. समजा १६.५ आला. डीसीवर मीटर सरासरी दाखवतो, म्हणजे त्याच्या ०.९ पट, १४.९ व्होल्ट. शॉटकीचे पाऊणएक व्होल्ट गेले की १४ च्या आसपास वाचलं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरवर १५ लिहिलंय आणि मीटर १४ दाखवतो म्हणून तो परत करायला जाऊ नका. ७ दिसले तर मात्र एक डायोड किंवा त्याचा सांधा सुटलेला आहे.